मंद वाऱ्यात टॅक की जाइब?

तारकर्लीच्या खाडीत डिंगी, म्हणजे छोटी शिडाची होडी चालवायला शिकणाऱ्या भाच्याचा प्रश्न: "मामा, वळू कसा?"

वळायचे दोन प्रकार: टॅक आणि जाइब. टॅकमध्ये नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरते. मंद वाऱ्यात वेग नसताना सुकाणू झटक्यात ढकललंस, तर होडी वाऱ्याकडे तोंड करून थांबते आणि शीड नुसतं फडफडतं. म्हणून आधी वेग घे, मग सुकाणू हळू ढकल. अडकलास तर बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी काठी, वाऱ्याकडे ढकलून धर. होडी मागे सरकत वळेल.

जाइबमध्ये पिछाडी वाऱ्यातून जाते, त्यामुळे होडी अडकत नाही. पण बूम आळशी. दोरी हाताने ओढून बूम दुसऱ्या बाजूला आणावी लागते. डोकं मात्र तेव्हाही खाली! शिवाय वाऱ्याविरुद्ध कमावलेलं अंतर जातं.

वाऱ्याविरुद्ध जायचं तर टॅक, वाऱ्याबरोबर परतताना जाइब.