ऑफिसचा डबा, तीन महिने: माझी जिलेबी वॉचमनकाकांनी खाल्ली

ग्रुपवर फिरत आलेलं कॅप्शन असं होतं: 'घरगुती शाकाहारी डबा. महिना २६ डबे ₹२,८६०, सुटा डबा ₹१३०. ४ पोळ्या, भाजी, आमटी, भात. सोम मटकी, मंगळ मेथी, बुध पिठलं-भाकरी, गुरू भरली वांगी, शुक्र छोले, शनि मसालेभात-जिलेबी. बाणेर, बालेवाडी, वाकड, हिंजवडी. सुट्टी आदल्या रात्री ८ पर्यंत कळवा.'

२,८६० भागिले २६, म्हणजे डबा ११० ला. सुट्यापेक्षा २० रुपये वाचतात म्हणून लगेच पैसे भरले.

चवीबद्दल तक्रार नाही. मेथीत शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने असतं आणि पोळ्या दुपारी एकलाही मऊ. आमटी मात्र पातळ, तिच्यात डाळ शोधावी लागते.

गेल्या आठवड्यात गेटवर डबा घेताना वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, शनिवारची जिलेबी झकास असते हां!" मी बघतच राहिलो. आमचं ऑफिस पाच दिवसांचं. शनिवारी बंद, म्हणून डबाही येत नसेल असं मी धरून चाललो होतो. तो तर नेमाने येत होता आणि रिकामा होऊन परत जात होता.

मग हिशोब केला. तीस दिवसांच्या महिन्यात चार रविवार, चार शनिवार गेले की उरतात २२ दिवस. २,८६० भागिले २२ म्हणजे बरोबर १३०. सुट्या डब्याचाच भाव! वर पैसे आगाऊ. तीन महिन्यांत १२ शनिवार, १,३२० रुपये. जिलेबीचा एक वेढाही न चाखता.

तावातावाने डबेवाल्या काकूंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, शेवटची ओळ वाचली नाहीत का? शुक्रवारी आठच्या आत मेसेज टाकला असता तर चारही डबे पुढच्या महिन्यात धरले असते. आम्ही भाजी रात्रीच निवडून ठेवतो, सकाळी सांगून काय उपयोग?" चूक माझी, हे पटलं. तरी पाच दिवसवाल्यांसाठी २२ डब्यांचा वेगळा भाव कॅप्शनमध्ये का नाही? हिंजवडीत निम्म्या कंपन्यांना शनिवारी कुलूप असतं, हे त्यांना ठाऊक नाही थोडंच!

आणि नुसतं 'हिंजवडी' लिहिलंय त्याला भुलू नका. फेज १ ला डबा साडेबारापर्यंत येतो. फेज ३ मधल्या मित्राला दीड वाजतो, शिवाय डब्यामागे १० रुपये जास्त. हे फोन केल्यावरच कळतं.

एक तारा कापणार होतो, आता अर्धाच कापतो. चौथ्या महिन्याचे पैसे भरलेत, दर शुक्रवारी संध्याकाळी सातचा गजरही लावलाय. जिलेबी शुक्रवारी द्याल का विचारलं, तर काकू म्हणाल्या, "छोल्यांबरोबर कोण खातं?"

मी खातो.