एक्स्पोर्ट डॉक्युमेंटचं सॉफ्टवेअर : आठ महिन्यांनंतर

मकरपुरा जीआयडीसीत आमचा बॉल व्हॉल्व्हचा छोटा कारखाना आहे. कागदपत्रं मी बघते. हे सॉफ्टवेअर घ्यायचा आग्रह दिरांचा. वजनं, पेट्या, बेरजा याबाबत आठ महिन्यांत एकदाही चूक नाही. रात्री बसून पॅकिंग लिस्ट जुळवणं संपलं, एवढ्यासाठी पैसे वसूल.

पण मार्चात एलसीवरच्या मालात त्यानं घाम फोडला. एलसीच्या मालवर्णनात होतं :

```
45A: 400 PCS SS316 BALL VALVE 2 INCH
CIF JEBEL ALI INCOTERMS 2020
```

सॉफ्टवेअर वर्णन आयटम मास्टरमधून उचलतं, तेही एचएसएन कोड टाकताच, आपोआप. इनव्हॉइसवर आलं फक्त `CIF JEBEL ALI`. पुढचे दोन शब्द गळाले. मीही डोळे झाकून सही ठोकली.

माल ३ मार्चला जहाजावर चढला, ९ तारखेला कागद बँकेत दिले, १५ ला पैसे देण्यास नकार. मला वाटलं, एवढ्यावरून? पण यूसीपी ६०० च्या कलम १८ नुसार इनव्हॉइसवरचं मालवर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळायलाच हवं. बाकीच्या कागदांवर ते ढोबळ असलं तरी चालतं, विरोधात नसलं म्हणजे झालं. एलसीच्या वर्णनात व्यापारी अटीबरोबर इनकोटर्म्सचं वर्ष दिलेलं असेल, तर इनव्हॉइसवरही तेच हवं. स्पेलिंगची किरकोळ चूक बँक सोडते, ही सोडत नाही.

हे सुधारणं सोपं होतं. एलसीची मुदत बाकी होती आणि कागद जहाजावर माल चढल्यापासून २१ दिवसांत, म्हणजे २४ मार्चपर्यंत देता येत होते. दुसऱ्याच दिवशी नवं इनव्हॉइस दिलं.

खरी फसगत दुसऱ्या ओळीत होती. दिरांनी प्रेमानं सीट रिंगचा एक सेट फुकट पाठवलेला, आणि सॉफ्टवेअरनं तो `FREE OF CHARGE` म्हणून इमानदारीत छापलेला. एलसीत नसलेली वस्तू फुकटची असली तरी इनव्हॉइसवर चालत नाही! ओळ खोडावी, तर सेट पेटीत गेलेला, पॅकिंग लिस्टवर आणि कस्टम्सच्या कागदांवरही नोंदलेला. खोटं इनव्हॉइस करायचं नव्हतं. शेवटी खरेदीदारानं त्यांच्या बँकेला त्रुटी मान्य असल्याचं कळवलं, तेव्हा पैसे सुटले, तेही १९ दिवसांनी आणि ८० डॉलर कापून. त्या दिवसांत दुबईत भाव पडले असते, तर त्यांनी मान्य केलं असतं का, हे दिरांना विचारलं. ते चहा पीत राहिले.

सपोर्टवाले म्हणाले, "मॅडम, मास्टर बदला." मास्टर एकच, एलसी दर वेळी वेगळी! आता एलसी आली की ४५ए जसंच्या तसं कॉपी करून वर्णनाच्या चौकटीत टाकते. चौकट बदलता येते, हे मला सहाव्या महिन्यात कळलं. मात्र नंतर एचएसएनला हात लागला, तर ती गुपचूप मास्टरचं वर्णन परत आणते. म्हणून एचएसएन आधी, वर्णन शेवटी.

पाचपैकी तीन तारे. फुकटचे सुटे भाग आता कुरिअरनं वेगळे जातात.