पायावरचे पट्टे, बसण्याची ढब की पंखावरचे ठिपके: फोटोवरून डास ओळखताना कशावर भिस्त ठेवावी?

पावसाळ्याच्या उत्तरार्धात बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत डेंग्यूची बातमी पसरली की पायावर पांढरे पट्टे असलेल्या प्रत्येक डासाला डेंग्यूचा डास म्हटले जाते आणि घरातली पिंपे, हौद, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करण्याची घाई सुरू होते. पिंपे रिकामी करण्यात नुकसान काहीच नाही. परंतु डास शेतातून किंवा गटारातून येत असेल, तर ती मेहनत चुकीच्या जागी पडते. मोबाईलवर जवळून काढलेल्या फोटोत पायांवरचे पट्टे, बसण्याची ढब आणि पंखांवरच्या खुणा या तीन गोष्टी पाहता येतात. त्या तिन्हींचे वजन सारखे नसते, म्हणून कोणती खूण आधी पाहायची हे ठरवणे महत्त्वाचे आहे.

माझ्या मते सुरुवात पंखांपासून करावी. डास विसाव्याला बसला की दोन्ही पंख पाठीवर एकावर एक येतात आणि त्यांच्या पुढच्या कडा बाहेरच्या बाजूला राहतात, त्यामुळे वरून किंवा बाजूने काढलेल्या फोटोत त्या सहसा दिसतात. या कडेवर एकाआड एक काळे आणि फिकट ठिपके स्पष्ट दिसले, तर तो डास ॲनोफेलिस, म्हणजे हिवतापाच्या डासांच्या कुळातला आहे असे जवळजवळ निश्चित मानता येते, कारण आपल्याकडच्या बहुतेक ॲनोफेलिस जातींत ते असतात. डेंग्यूचे डास ज्या कुळात येतात ते एडिस आणि गटारातल्या व भातशेतीतल्या डासांचे कुळ क्युलेक्स, यांचे पंख सहसा एकसारखे काळपट किंवा तपकिरी असतात. तळ्यातल्या जलपर्णीच्या आसऱ्याने वाढणारा मॅन्सोनिया हा एक अपवाद आहे, पण त्याच्या पंखांवर ठसठशीत ठिपके नसून मीठमिरी भुरभुरावी तसे फिकट आणि गडद खवले सर्वत्र मिसळलेले असतात. फसगत होते ती पार्श्वभूमीमुळे. नक्षीदार फरशीवर किंवा छापील पडद्यावर बसलेल्या डासाच्या पारदर्शक पंखातून खालची नक्षी दिसते आणि ती ठिपक्यांसारखी भासते. खरे ठिपके शिरांना आणि कडेला धरून असतात, दोन्ही पंखांवर सारख्याच जागी येतात.

बसण्याच्या ढबीबद्दल शाळेच्या पुस्तकापासून शिकवले जाते की ॲनोफेलिसची सोंड, डोके, छाती आणि पोट एका सरळ रेषेत असतात व ती रेषा भिंतीशी सुमारे 45 अंशांचा कोन करते, तर एडिस आणि क्युलेक्स पाठीला कुबड काढून, पोट पृष्ठभागाला समांतर ठेवून बसतात. शहरातल्या विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांत वाढणाऱ्या ॲनोफेलिस स्टीफेन्सीला हे वर्णन चांगले लागू पडते. पण ग्रामीण भारतातल्या हिवतापाचा मोठा वाटा ज्याच्यामुळे पसरतो, तो ॲनोफेलिस क्युलिसिफेसिस मात्र बराचसा क्युलेक्ससारखाच, पृष्ठभागाला टेकल्यासारखा बसतो. त्याचे पायही गडद असतात, नजरेत भरणारे पट्टे नसतात. म्हणजे पाय आणि ढब दोन्ही पाहून जो माणूस "साधा गटारातला डास" असे म्हणेल, त्याच्या हातून नेमका हिवतापाचा डास सुटेल. तिथे पंखावरचे ठिपके हीच एकमेव उघड खूण उरते. शिवाय ढब पाहायची तर कॅमेरा भिंतीच्या पातळीत, अगदी बाजूला धरलेला हवा. समोरून काढलेल्या फोटोत कोन कळत नाही, आणि मारलेल्या डासाच्या ढबीला अर्थच नसतो.

पायांची खूण डोळ्यांना सर्वांत आधी दिसते, तरी माझ्या क्रमवारीत ती पंखांनंतरच येते, कारण पट्टे अनेकांना असतात आणि फरक त्यांच्या जागेत व रंगात असतो. एडिस इजिप्तीच्या मागच्या पायाकडे मोठे करून पाहिले, तर पावलाच्या प्रत्येक पेराच्या सुरुवातीला स्वच्छ पांढरा, रुंद पट्टा दिसतो आणि टोकाचे पेर संपूर्ण पांढरे असते. एडिस अल्बोपिक्टसचे मागचे पाऊलही असेच असते, त्यामुळे ते पाहून या दोघांना वेगळे करता येत नाही. त्यासाठी छातीची पाठ पाहावी लागते. इजिप्तीला तिथे दोन वक्र चंदेरी रेषा आणि त्यांच्यामध्ये दोन बारीक उभ्या रेषा असतात, तर अल्बोपिक्टसला डोक्यापासून मागे जाणारी एकच ठळक पांढरी रेघ असते. खडकाच्या खळग्यांतल्या पाण्यात वाढणारा एडिस व्हिटाटस हाही पट्टेदार पायांचाच असतो, पण त्याच्या छातीवर रेषा नसून लहान पांढऱ्या ठिपक्यांच्या तीन जोड्या असतात. गटारातल्या क्युलेक्स क्विंकिफॅसिएटसच्या पायांवर मात्र असे पट्टे नसतात.

हे सारे एका उदाहरणावर लावून पाहू. समजा, खानापूर तालुक्यातल्या भातखाचरांना लागून असलेल्या घराच्या चुन्याच्या भिंतीवर संध्याकाळी काढलेला एक फोटो आहे. डास भिंतीला समांतर बसला आहे आणि पायांवर पट्टे दिसत आहेत, म्हणून घरातल्यांनी त्याला डेंग्यूचा डास ठरवले आहे. आधी पंख पाहू. त्यांची कडा एकसारखी तपकिरी आहे, म्हणून ॲनोफेलिस वगळता येतो. मग मागच्या पायाचे पाऊल मोठे करू. पट्टे आहेत, पण ते अरुंद आणि पिवळट आहेत, आणि पेराच्या फक्त सुरुवातीला नसून सांध्याच्या दोन्ही अंगांना थोडे थोडे पसरले आहेत. टोकाचे पेर पांढरे नाही. इथेच एडिसची शंका जवळजवळ मिटते. खात्रीसाठी सोंड पाहू: मधोमध एक फिकट कडे आहे, जे इजिप्ती किंवा अल्बोपिक्टस यांना नसते. छाती तपकिरी आहे, चंदेरी रेषांचा मागमूस नाही. हा क्युलेक्स विष्णुई गटातला डास आहे, जो भातशेतीतल्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि ज्याच्या गटातल्या जाती जपानी मेंदूज्वराच्या वाहक आहेत. या घराने पिंपे पालथी घातली तरी या डासांची संख्या कमी होणार नाही. त्यांनी खाचरांकडे आणि संध्याकाळनंतरच्या मच्छरदाणीकडे लक्ष द्यायला हवे, आणि गोठा किंवा डुकरे जवळ असतील तर ते आरोग्य कर्मचाऱ्याला सांगायला हवे.

या निर्णयाची मर्यादाही लक्षात ठेवावी. विष्णुई गटातल्या जाती एकमेकींपासून फोटोवरून वेगळ्या करता येत नाहीत, आणि क्युलिसिफेसिसच्या बाबतीतही फोटो "ॲनोफेलिस" इथपर्यंत नेतो, पुढचे भिंगाखालीच कळते. जुन्या डासाच्या अंगावरचे खवले झडलेले असतात, तेव्हा पट्टे आणि ठिपके दोन्ही पुसट होतात. अशा वेळी पायावर पट्टा नाही म्हणून एडिस नाही असा निष्कर्ष काढू नये. फ्लॅशच्या प्रकाशात पायाच्या कडेवर पडलेली चमकही पांढऱ्या पट्ट्यासारखी दिसते. ती ओळखायची तर त्याच डासाचा दुसरा फोटो फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात काढावा. चमक जागा बदलते, पट्टा बदलत नाही.

फोटो घ्यायचेच असतील तर तीन घ्यावेत: एक अगदी बाजूने, ढब कळण्यासाठी, दुसरा वरून, छातीची पाठ आणि पंख दिसतील असा, आणि तिसरा मागच्या पायाच्या पावलाचा, जितका जवळून जमेल तितका. डास पकडता आला तर तो चिरडू नये. कोरड्या काडेपेटीत पातळ कागदावर ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात द्यावा, कारण ओलसर डबीत बुरशी धरते आणि ज्या खवल्यांवर ओळख अवलंबून असते तेच आधी खराब होतात.