‘मिठाची बॅटरी’ की ‘रिकामी पडली तरी न मरणारी’?

सोडियम-आयन बॅटरीचं ब्रोशर लिहायला बसलं की पहिल्याच ओळीसाठी दोन पर्याय समोर येतात. ‘मिठाची बॅटरी’ ही ओळ ती कशापासून बनली ते सांगते. ‘रिकामी पडली तरी न मरणारी’ ही ओळ ती काय सोसते ते सांगते.

पहिली चटकन तोंडात बसते, हे मान्य. प्रदर्शनातल्या स्टॉलवर कदाचित तीच बरी. मला खटकतो तो तिच्या मागून हमखास येणारा प्रश्न. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मीठच ना, मग निम्म्या भावात द्या.’ गुंतवणूकदार म्हणतो, ‘मीठ कोणीही आणेल, यात तुमचं काय?’ सोडियमचा कच्चा माल स्वस्त आहे हे खरं, पण सेलचा भाव ठरतो तो कॅथोडच्या म्हणजे धन बाजूच्या पावडरीवर, ऋण बाजूच्या हार्ड कार्बनवर आणि कारखाना किती मोठा आहे त्यावर. शिवाय ‘स्वस्त’ म्हटलं की तुलना लिथियमशी होते, आणि तो भाव आपल्या हातात नाही. चीनमध्ये लिथियम कार्बोनेट २०२२च्या नोव्हेंबरमध्ये टनाला सहा लाख युआनच्या आसपास होतं; २०२४च्या सुरुवातीला ते लाखाच्या घरात उतरलं. सगळं ब्रोशर ‘स्वस्त’वर उभं असेल तर ते तिथेच शिळं झालं.

दुसऱ्या ओळीवर प्रश्न येतो, ‘असं कशामुळे?’ याचं उत्तर एकच आणि ते दोघांनाही पुरतं. लिथियम सेलमध्ये ऋण बाजूला तांब्याची फॉइल असते. सेल फार खाली उतरला तर ते तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करणं धोक्याचं होतं. सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू बनवत नाही, म्हणून इथे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच चालतं. महिनोन्‌महिने बंद राहणाऱ्या फार्महाऊसच्या मालकाला यातून हवं ते कळतं. गुंतवणूकदाराला तांब्याची बचत दिसते, आणि ती लिथियमच्या भावावर अवलंबून नाही. ॲल्युमिनियम मात्र सोडियम सेल बनवणारे सगळेच वापरतात. ‘तुमचं काय?’ याचं उत्तर हार्ड कार्बन किंवा कॅथोडमध्येच द्यावं लागतं, आणि ते दुसऱ्या पानावर शोभतं.

ही ओळही बिनधोक नाही. अनेक सोडियम सेलच्या डेटाशीटवर किमान मर्यादा दीड व्होल्ट लिहिलेली असते. शून्य व्होल्टची चाचणी त्याच सेलवर झाली नसेल तर ‘न मरणारी’ छापू नये.

‘लिथियमच्या जागी थेट बसवा’ हे तर कुठल्याच ओळीखाली नको. सोळा एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, सेलचा पॅक साधारण ४० ते ५८ व्होल्टमध्ये फिरतो. दीड ते चार व्होल्टचे तेवढेच सोडियम सेल २४ ते ६४ व्होल्टमध्ये. बरेच इन्व्हर्टर खालच्या टोकाला आधीच बंद पडतात, आणि गिऱ्हाईक दोष बॅटरीला देतं. त्यापेक्षा चालणाऱ्या इन्व्हर्टरची यादीच छापा.