खोटे रिव्ह्यू, बंद झालेले डबे आणि भरपाईचा हिशेब

नवी पेठेत मी आणि माझी जाऊ खानावळ चालवतो. आमचे बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे परिसरातील अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली. पुण्यात नव्याने आलेले मूल मोबाइलवर जवळची खानावळ शोधते आणि वरचे चार रिव्ह्यू वाचून महिन्याचा डबा लावते. त्यामुळे एका आठवड्यात आमच्या नावाखाली एका-एका ताऱ्याचे नऊ रिव्ह्यू आले, तेव्हा त्याचा फटका लगेच बसला. "काकू, आई म्हणते तिथला डबा बंद कर," असे आमच्याकडे वर्षभर जेवलेल्या मुलीने खाली मान घालून सांगितले. तिच्या आईने परभणीत बसून "भाजीत अळ्या निघाल्या" हे वाक्य वाचले होते.

हे रिव्ह्यू बनावट असल्याची खूण त्यांच्या मजकुरातच होती. एकाने रविवारी रात्रीच्या जेवणाबद्दल लिहिले होते, परंतु आमच्याकडे रविवारी संध्याकाळी चूल पेटत नाही. दुसऱ्याला मच्छीकरीचा वास आला होता, आणि आमची खानावळ पहिल्या दिवसापासून शाकाहारी आहे. त्या खात्यांवर याआधीचे काहीही लेखन नव्हते; अपवाद एवढाच की त्यांपैकी तिघांनी आमच्याच गल्लीतील दुसऱ्या खानावळीला पाच तारे दिले होते. मात्र ही केवळ संशयाची जागा असते, पुरावा नव्हे, हे वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले.

रिव्ह्यू काढून टाकण्याची तक्रार करण्याआधी त्यांनी प्रत्येक रिव्ह्यूचे पूर्ण चित्र, लिंक, खात्याचे पान आणि तारीख जतन करून घेतली, कारण मजकूर एकदा नाहीसा झाला की न्यायालयापुढे ठेवायला काही उरत नाही. अशा छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. लेखी बदनामीबद्दल भरपाई मागण्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून अवघी एक वर्ष असते. फौजदारी तक्रारीचा मार्गही आहे, परंतु त्यातून बुडालेले उत्पन्न परत मिळत नाही, म्हणून आम्ही दिवाणी दावा निवडला. "जेवण बेचव होते" हे मत झाले आणि त्यावर दावा टिकणे अवघड. "अळ्या निघाल्या" हे मात्र घटनेबद्दलचे विधान आहे आणि ते खोटे असल्याचे दाखवता येते. म्हणून नऊपैकी पाचच रिव्ह्यू दाव्यात घेतले. ती खाती कोणत्या मोबाइल क्रमांकांवर उघडली होती, हे रिव्ह्यू दाखवणाऱ्या कंपनीने न्यायालयाच्या आदेशानंतरच सांगितले, आणि त्यांतील दोन क्रमांक शेजारच्या खानावळीच्या मालकाच्या घरातले निघाले.

खरी मेहनत भरपाईच्या आकड्यावर झाली. आमचे महिन्याचे ११० डबे होते, ते ७४ वर आले आणि चार महिने तिथेच राहिले. एका डब्याचे महिन्याला ३,००० रुपये. या हिशेबाने ४,३२,००० रुपये बुडाले असे कोणालाही वाटेल, परंतु तो आकडा विक्रीचा आहे, नुकसानीचा नाही. जो डबा गेलाच नाही त्याचा किराणा, गॅस आणि पोहोचवण्याचा खर्च वाचला, आणि तो आमच्या वहीप्रमाणे डब्यामागे २,०५० रुपये होता. शिवाय आदल्या वर्षी याच महिन्यांत परीक्षा आटोपून गावी गेलेल्या मुलांमुळे ८ डबे कमी झालेलेच होते. ते वजा करता २८ डबे, प्रत्येकी ९५० रुपये आणि चार महिने, म्हणजे १,०६,४०० रुपये. वकीलबाईंनी एवढीच रक्कम मागितली. फुगवलेला आकडा उलटतपासणीत कोसळला की खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो, असे त्यांचे म्हणणे होते आणि मला ते पूर्णपणे पटते.

या आकड्याला आधार होता तो रोजच्या डब्यांच्या वहीचा, मोबाइलवर जमा झालेल्या पैशांच्या नोंदींचा आणि डबा बंद करताना गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या संदेशांचा. ज्या सहा जणांनी संदेशात रिव्ह्यूचा उल्लेख केला होता, त्यांपैकी चौघे प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाले. या काळात ओळखीच्या मुलांनी आमच्यासाठी पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू टाकण्याची तयारी मनापासून दाखवली होती. आम्ही त्यांना थांबवले, कारण आमच्याकडे न जेवलेल्या एकाही मुलाने लिहिले असते, तर समोरच्याच्या वकिलाला आयते हत्यार मिळाले असते.

अंतरिम मनाई हुकमानंतर ते पाचही रिव्ह्यू हटले आहेत. भरपाईचा भाग अजून चालू आहे. गल्लीत ड्रेनेजसाठी रस्ता खोदला होता म्हणून गिऱ्हाईक घटले, असा प्रतिवादीचा बचाव आहे. आमचे तीन-चतुर्थांश डबे घरपोच जातात, आणि त्या खोदकामाच्या काळात वेळेवर न पोहोचलेल्या एकाही डब्याची नोंद वहीत नाही. ती वही आता मूळ स्वरूपात न्यायालयात दाखल केली आहे.