डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ आणि एक लिटर खारट द्रावण: 14 महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात तपासणीसाठी रांगेत बसले असताना शेजारच्या बाईंच्या मांडीवरचे डिस्चार्ज कार्ड मला दिसले. त्यांचेही लहान आतडे कापून उरलेल्या आतड्याचे तोंड पोटावर बाहेर काढलेले, म्हणजे स्टोमा केलेला होता, आणि कार्डाच्या तळाशी छापील अक्षरांत लिहिले होते, ‘भरपूर पाणी प्यावे’. हीच ओळ 14 महिन्यांपूर्वी माझ्याही कार्डावर होती आणि तिच्यामुळेच मी घरी गेल्यावर तीन आठवड्यांत पुन्हा रुग्णालयात दाखल झाले होते. ज्या खारट द्रावणाबद्दल मी पुढे लिहिणार आहे, त्याचे गुणदोष मी शांतपणे मांडीन, पण त्या ओळीबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझी स्थिती थोडक्यात अशी होती. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत गुठळी अडकली आणि शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा बहुतेक भाग काढावा लागला. सुरुवातीचा भाग, म्हणजे जेजुनम, 90 सेंटिमीटर राहिला. शेवटचा भाग, म्हणजे आयलियम, पूर्ण गेला. मोठ्या आतड्याची डावी बाजू शाबूत होती, पण ती तेव्हा जोडलेली नव्हती आणि जेजुनमचे टोक पोटावर स्टोमा म्हणून आणलेले होते. आठवड्यातून पाच रात्री छातीतल्या कॅथेटरमधून 2 लिटर पोषणद्रव दिला जात असे. आतड्याची हालचाल मंदावणारे लोपेरामाइड आणि पोटातले आम्ल कमी करणारे ओमेप्राझोल या गोळ्या होत्या. खाण्यावर फारसे बंधन नव्हते आणि पिण्याबद्दल ती एकच ओळ होती.

मी ती ओळ तंतोतंत पाळली. तहान प्रचंड लागायची, म्हणून साधे पाणी आणि बिनसाखरेची पेये मिळून दिवसाला सुमारे 3 लिटर मी पीत असे. स्टोमाच्या पिशवीतून 4.5 लिटर बाहेर पडू लागले, लघवी दिवसभरात जेमतेम 350 मिलिलिटर होऊ लागली, आणि नऊ दिवसांत वजन 4 किलोने उतरले. ‘इतके बाहेर जाते आहे, तर अजून प्यायला हवे’ असे वाटून मी अजून प्यायले, तेव्हा पिशवी अजून भरली. एका सकाळी पेला उचलताना उजव्या हाताची बोटे आपोआप आत वळली आणि काही केल्या उघडेनात. पतींनी एकेक बोट सरळ केले, पण ते पुन्हा वळत होते. रुग्णालयात गेल्यावर मॅग्नेशियम खूप खाली गेलेले आढळले, मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे दाखवणारे क्रिएटिनिन वाढलेले होते, आणि लघवीतले सोडियम लिटरला फक्त 6 मिलिमोल होते.

पुढे सगळा उलगडा झाला तो या शेवटच्या आकड्यावरून. त्या वेळी नव्याने आलेल्या डायटिशियन बाईंनी कागदावर आकृती काढून समजावले तेव्हा प्रथमच मला कळले की जेजुनमची भिंत पाणी आणि मीठ दोन्ही दिशांना सहज जाऊ देते. त्यातून मिठाचे प्रमाण कमी असलेले पेय गेले की रक्तातले सोडियम आतड्याच्या पोकळीत उतरते, त्याच्यामागे पाणी जाते, आणि हे सगळे पिशवीत पडते. ज्यांचे पुढचे आयलियम आणि मोठे आतडे जागेवर आहे, त्यांच्यात हा तोटा खाली भरून काढला जातो. माझ्याकडे खाली काहीच नव्हते. असा स्टोमा असलेल्या रुग्णाच्या पिशवीतल्या द्रवात लिटरला साधारण 90 ते 100 मिलिमोल सोडियम असते. माझ्या 4.5 लिटरमधून रोज 400 मिलिमोलच्या आसपास, म्हणजे सुमारे 23 ग्रॅम मिठाइतके सोडियम वाहून जात होते. अन्न आणि रात्रीचा पोषणद्रव मिळून त्याच्या जेमतेम अर्धे परत येत होते. मॅग्नेशियम पडले त्यालाही काही अंशी हेच कारण होते, कारण शरीरात मीठ-पाणी कमी पडले की मूत्रपिंड सोडियम वाचवण्यासाठी धडपडते आणि त्या धडपडीत मॅग्नेशियम लघवीवाटे सोडून देते. म्हणूनच डॉक्टरांनी आधी सलाईनने मीठ-पाणी भरून काढले आणि मग मॅग्नेशियमकडे वळले.

त्यानंतर माझ्या हाती आले ते द्रावण. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असे त्याचे प्रमाण आहे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाच्या नावाने ते ओळखले जाते. यातले सोडियम लिटरला 90 मिलिमोल भरते. ग्लुकोज चवीसाठी घातलेले नसते. आतड्याच्या पेशींवरचे एक वाहक प्रथिन ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेते, म्हणून ग्लुकोजशिवाय नुसते मिठाचे पाणी तितके उपयोगी पडत नाही. जुलाबासाठी मिळणाऱ्या ओआरएसच्या तयार पुड्या जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्राप्रमाणे 75 मिलिमोलच्या असतात. काही जणांना त्या पुरतात, पण माझ्या पिशवीला नीट लागू पडले ते 90 चे द्रावण. पहिला महिना मी औषधाच्या दुकानातून तयार मिश्रण आणले. मग हिशेब करून तिन्ही घटक सुटे आणून वजन करून घरीच करू लागले आणि खर्चात मोठा फरक पडला.

चवीबद्दल मात्र माझे पहिले मत फार वाईट होते, आणि तेव्हा विचारले असते तर मी पाचपैकी एक गुण दिला असता. ते अश्रूंसारखे खारट लागते, आणि तहानेने घसा कोरडा पडला असताना तो पेला तोंडाला लावणे नकोसे होते. फ्रिजमध्ये गार करून, झाकणाच्या बाटलीतून नळीने, दिवसभर थोडे थोडे प्यायले तर ते सुसह्य होते. एकदम पेलाभर प्यायले तर पिशवी लगेच भरते. चोवीस तासांनंतर उरलेले ओतून द्यावे. चमच्याच्या मापावर विसंबू नका. मी एकदा मिठाचा चमचा सपाट न करता शीग लावून घेतला आणि नंतर वजन केले तर ते 5 ग्रॅमच्या वर भरले. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर इतके मीठ स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.

नवा नियम असा ठरला: साधे पाणी, चहा आणि इतर पातळ पेये मिळून दिवसाला अर्धा लिटर, त्याहून जास्त नाही, द्रावण दीड लिटर, लोपेरामाइड 4 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, जेवणाआधी अर्धा तास. गोड फळांचे रस बंद झाले, कारण फार दाट गोड पेयही आतड्यात पाणी ओढून घेते. दहा दिवसांनी पिशवी 2.6 लिटरवर आली, लघवी 1,150 मिलिलिटर झाली आणि तिच्यातले सोडियम 38 झाले. तहानसुद्धा कमी झाली, आणि हे मला सर्वांत अनपेक्षित होते. ती तहान मुळात मिठाच्या कमतरतेची होती आणि मी तिला पाणी पाजत होते.

इथे मला माझे एक मत दुरुस्त करायचे आहे. पुढचे काही महिने मी सगळ्यांना सांगत होते की द्रावणाने पिशवी आटते. ते बरोबर नाही. पिशवी आटली ती साधे पाणी कमी केल्यामुळे आणि गोळ्या योग्य वेळी घेतल्यामुळे. द्रावणाचे काम सोडियम शरीरात टिकवण्याचे आहे, आणि ते होत आहे की नाही हे पिशवीकडे पाहून कळत नाही. ते लघवीवरून कळते. दिवसाची लघवी एक लिटरच्या आसपास हवी आणि तिच्यातले सोडियम 20 च्या खाली जाता कामा नये. रक्तातले सोडियम बरेच दिवस ठीक दिसत राहते, म्हणून फक्त रक्ततपासणीवर समाधान मानू नये. माझ्याच बाबतीत ते अगदी शेवटपर्यंत जवळजवळ सामान्य होते.

सातव्या महिन्यात जेजुनम उरलेल्या मोठ्या आतड्याला जोडले गेले आणि द्रावणाचे महत्त्व जवळपास संपले. मोठे आतडे कमी सोडियमच्या द्रवातूनही सोडियम ओढून घेऊ शकते, आणि न पचलेल्या कर्बोदकांपासून तिथले जीवाणू जी लघु मेदाम्ले तयार करतात, त्यांतून ऊर्जाही मिळते. आतड्याचे अनुकूलन, म्हणजे उरलेल्या भागाची शोषणक्षमता वाढणे, माझ्यात खऱ्या अर्थाने सुरू झाले ते इथून. स्टोमाच्या सात महिन्यांत माझी वाट पाहणे बरेचसे व्यर्थ होते, कारण ज्या पेशी अन्न पोहोचल्यावर वाढीचा संकेत देणारे जीएलपी-2 हे संप्रेरक सोडतात, त्या मुख्यतः आयलियम आणि मोठ्या आतड्यात असतात. माझे आयलियम गेलेले होते आणि मोठे आतडे रिकामे पडून होते. जोडणीनंतर मात्र तोंडाने खाल्लेले सगळे त्या वाढीच्या कामी येऊ लागले. पोषणद्रवाच्या पाच रात्री जोडणीनंतरच्या तिसऱ्या महिन्यात चार, मग तीन आणि आता दोन झाल्या आहेत. अनुकूलनाचा मोठा भाग साधारण पहिल्या दोन वर्षांत होतो, म्हणून अजून वाव आहे.

नवी काळजी मात्र आली. शोषले न गेलेले स्निग्ध पदार्थ कॅल्शियमला धरून बसतात, मोकळे राहिलेले ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात जाते आणि मूत्रपिंडात खडे होतात. म्हणून स्टोमा असताना मुक्तपणे चालणारे स्निग्ध आता बेतात आले आहे, आणि कॅल्शियमची गोळी मी रिकाम्या पोटी न घेता जेवणासोबत घेते. आयलियम नसल्यामुळे बी-12 चे इंजेक्शन कायमचे आहे.

त्या छापील ओळीबद्दल मी विभागाला दोनदा पत्र लिहिले. पहिले उत्तर असे आले की ती सूचना सर्व स्टोमा रुग्णांसाठी सारखीच आहे. माझी तक्रार नेमकी तीच होती. मोठ्या आतड्याचा स्टोमा असलेल्याला ती ओळ चालते. जेजुनमचा स्टोमा असलेल्याला तीच ओळ अतिदक्षता विभागापर्यंत नेऊ शकते. दुसऱ्या पत्रासोबत मी माझ्या दोन्ही लघवी तपासण्यांच्या प्रती, 6 आणि 38 हे आकडे अधोरेखित करून, जोडल्या. त्यावर अजून उत्तर नाही, आणि रांगेतल्या त्या बाईंच्या कार्डावरही जुनीच ओळ होती. मी त्यांना विचारले, स्टोमा कुठल्या आतड्याचा आहे. त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी माझ्यासमोरच आत जाऊन शस्त्रक्रियेचा अहवाल मागितला. त्यात जेजुनम 110 सेंटिमीटर असे लिहिलेले होते. लघवीतले सोडियम तपासायची चिठ्ठी त्यांनी त्याच दिवशी लिहून घेतली.