व्हीलचेअरचा एकच चौकोन: तिकीट ॲप दिवाळीपासून वापरल्यानंतर

दिवाळीपासून घरातली विमानाची सगळी तिकिटं मी एकाच बुकिंग ॲपवरून काढतोय. भाडं बरं मिळतं, रद्द केलेल्या तिकिटाचे पैसेही मुकाट परत आले. तक्रार आहे ती ‘विशेष सेवा’ या पानाबद्दल, त्यातही व्हीलचेअरच्या चौकोनाबद्दल.

आईला भावाकडे जर्मनीला न्यायचं होतं. सांगलीहून गाडीने मुंबई, पुढे आखातात विमान बदलून फ्रँकफर्ट. आईचे दोन्ही गुडघे गेलेत. घरातल्या घरात चालते, पण जिना चढवत नाही. ॲपवर ‘व्हीलचेअर हवी’ एवढा एकच चौकोन. टिक केली, हिरवी खूण आली.

मुंबईत सगळं छान झालं, खुर्ची एरोब्रिजवरून थेट विमानाच्या दाराशी. आखातात मात्र पुढचं विमान लांब उभं होतं. बसने नेलं आणि समोर शिडी! तिथल्या माणसाने यादी दाखवली, आईच्या नावापुढे WCHR. म्हणजे या प्रवाशाला लांबचं अंतर चालवत नाही, पण पायऱ्या चढता येतात. पायऱ्या जमत नसतील तर WCHS लागतं, आणि सीटपर्यंतही चालता येत नसेल तर WCHC. यादीत S असतं तर खुर्चीसकट दारापर्यंत उचलणारी ॲम्ब्युलिफ्टची गाडी त्यांनी आधीच लावली असती. R बघून कुणी ती मागवतच नाही. शेवटी मागवली, पण ती येईपर्यंत आई शिडीच्या पायथ्याशी गरम वाऱ्यात पदर डोक्यावर धरून बसलेली. ॲपने एवढंच विचारायला हवं होतं: पायऱ्या चढता येतात का?

जेवणाचंही तसंच. आईला साखर आहे म्हणून ‘डायबेटिक’ निवडलं. डबा उघडला तर चिकन. आई माळकरी. तिने झाकण लावलं आणि घरून आणलेल्या दशम्या काढल्या. डायबेटिक जेवण म्हणजे DBML. त्यात साखर सांभाळतात, ते शाकाहारी असेलच असं नाही. ‘हिंदू मील’ म्हणजे HNML, त्यातही मांस असू शकतं. आपल्या पद्धतीचं शाकाहारी हवं तर AVML. आणि बहुतेक कंपन्या एका प्रवाशाला एकच प्रकार देतात, डायबेटिक आणि शाकाहारी दोन्ही एकदम मागता येत नाही. परतीला AVML घेतलं. भात अर्धा ठेवला, गोड मला दिलं, काम भागलं.

तिथूनच ॲपला एक तारा दिला होता. परतीच्या आधी मत थोडं बदललं, त्याचं श्रेय विमान कंपनीच्या फोनवरच्या बाईंना. प्रवासाच्या तीन दिवस आधी फोन केला. जेवणाला साधारण २४ ते ४८ तासांची मुदत असते, ती संपल्यावर बोलून उपयोग नाही. त्यांनी सांगितलं, ॲपचा बुकिंग नंबर आमच्याकडे दिसत नाही, तिकिटावरचा सहा अक्षरांचा PNR द्या. मग त्यांनी दोन्ही टप्पे वेगवेगळे वाचून दाखवले. मधे वेळापत्रक बदललं होतं आणि दुसरा टप्पा त्यांच्या भागीदार कंपनीच्या विमानावर गेला होता. पहिल्या टप्प्यावर व्हीलचेअर HK, म्हणजे पक्की. दुसऱ्यावर काहीच नाही! नवीन विमानावर मागणी सरकलीच नव्हती. ॲपवर हिरवी खूण मात्र तशीच.

बाईंनी दोन्ही टप्प्यांवर WCHS टाकलं. दुसऱ्यावर आधी HN आलं, म्हणजे मागणी गेली, उत्तर यायचंय. त्यांनी भागीदार कंपनीचा वेगळा PNR दिला आणि म्हणाल्या, ‘‘काका, उद्या तिकडे विचारा, HK ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका. UN म्हणाले तर ते देऊ शकत नाहीत असं समजा आणि लगेच आम्हाला कळवा.’’ दुसऱ्या दिवशी HK झालं. परतीला आखातात पुन्हा बस, पुन्हा शिडी. पण या वेळी ॲम्ब्युलिफ्ट उभी होती आणि आई सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसली.

म्हणून आता दोन तारे. व्हीलचेअरचे पैसे कुणी घेतले नाहीत, पण ॲपने दर तिकिटाला सुविधा शुल्क घेतलं आणि सुविधेची खात्री मीच फोन करून केली. पुढच्या महिन्यात आत्याला दिल्लीला न्यायचंय. तिचं तिकीट थेट कंपनीच्या साइटवर काढणार, भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल. तिथे निदान ‘पायऱ्या चढता येतात का’ हा प्रश्न आधीच विचारतात, हे मी उघडून पाहिलंय.